टू-स्टेप चालू असूनही चोर आत कसा आला?

*मी भांडुपला राहते आणि परदेशी क्लायंटसाठी घरून सबटायटलिंग करते. मागच्या शुक्रवारी एका नव्या क्लायंटने कामाच्या माहितीची लिंक पाठवली. गूगलचं लॉगिन पान आलं. मी पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला कोडही टाकला, पण फाइल काही उघडली नाही. सोमवारी पाहते तर माझ्या फ्रीलान्स खात्यातले ६४० डॉलर भलत्याच बँक खात्यात काढायला टाकलेले. अजून तिथे ‘प्रोसेसिंग’ दिसतंय. मी लगेच त्या साइटचा पासवर्ड बदलला, तरी काल पुन्हा कोणीतरी आत येऊन गेलं. टू-स्टेप चालू असूनही हे कसं होतं? मिस्टर म्हणतात, सगळे पासवर्ड दर महिन्याला बदलत जा. आता नक्की काय करू?*

*— एक सबटायटलकार, भांडुप*

ताई, नमस्कार.

आधी पैशांचं बघू या, कारण त्यात अजून जीव आहे. ‘प्रोसेसिंग’ म्हणजे रक्कम साइटच्याच ताब्यात असण्याची बरीच शक्यता आहे. पैसे घेण्याचं खातं नव्याने जोडलं गेलं की बऱ्याच साइट त्यावर पैसे सोडण्याआधी काही दिवस थांबतात, ते अशाच प्रसंगांसाठी. म्हणून हे वाचायचं थांबवा, साइटवर जा आणि ती मागणी रद्द करता येते का ते पाहा. येत नसेल तर साइटच्या मदत विभागातून तक्रार टाका. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: हे बँक खातं माझं नाही, ते अमुक दिवशी अमुक वेळी जोडलं गेलं, माझे आधीचे पैसे अमुक बँकेत गेलेले आहेत, आणि माझ्या खात्यातून पैसे काढणं तात्पुरतं पूर्ण बंद करा. चोराने जोडलेल्या खात्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ते काढून टाका. घाईत आधी काढून टाकलंत तर पुरावा जातो.

एक काम मात्र करू नका. त्या साइटचा ‘कस्टमर केअर नंबर’ गूगलवर शोधू नका. अशा शोधात खोटे नंबर मिळतात, आणि घाबरलेला माणूस स्वतःहून फोन करतो तेव्हा समोरच्याला फसवायला काही कष्टच पडत नाहीत. मदत मागायची ती लॉगिन केल्यावर साइटच्या आत दिसणाऱ्या मदत विभागातूनच.

त्याच बैठकीत १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे भारतातल्या एखाद्या बँकेत गेले असतील तर ते पुढे सरकण्याआधी गोठवण्याची सोय या यंत्रणेत आहे, आणि त्यात तासांना महत्त्व असतं. खातं परदेशातलं असेल तर ती शक्यता कमी, तरीही तक्रार क्रमांक घ्याच. साइटला आणि बँकेला तो दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात जाल तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क आणि ६६ड चा उल्लेख करा. इंग्रजी मसुद्यात ती 66C आणि 66D अशी असतात. पहिलं दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याबद्दल आहे, दुसरं संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल.

आता तुमचा खरा प्रश्न. टू-स्टेपने आपलं काम केलं, ताई. अडचण अशी की कोड तुम्ही कुठल्या पानावर टाइप करताय हे त्या कोडला दिसत नाही.

शुक्रवारी जे झालं असणार ते असं. तुमच्यासमोर आलेलं पान गूगलचं नव्हतं. ते मधे बसलेल्या एका सर्व्हरचं होतं. तुम्ही पासवर्ड टाकलात, तो त्या सर्व्हरने त्याच क्षणी खऱ्या गूगलला दिला. गूगलला वाटलं तुम्हीच आलात, म्हणून त्याने तुमच्या मोबाइलवर खरा कोड पाठवला. तो कोड तुम्ही त्याच पानावर टाकलात आणि तोही लगोलग पुढे गेला. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड असता तरी हेच घडलं असतं, कारण तो साधारण तीस सेकंद चालतो आणि या कामाला दोन-चार सेकंद पुरतात. खरा पासवर्ड, खरा कोड, म्हणून गूगलने दार उघडलं. पण दारात तुम्ही नव्हता, तो मधला सर्व्हर होता.

दार उघडल्यावर गूगल ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देतं, तिला सेशन कुकी म्हणतात. मोठ्या कार्यालयात गेटवर एकदा ओळखपत्र पाहून गळ्यात पास अडकवतात आणि मग आत कोणी विचारत नाही, तसं हे असतं. चोराच्या हाती तो पास लागला. त्यानंतर त्याला तुमचा पासवर्डही नको आणि कोडही नको.

म्हणूनच तुम्ही फ्रीलान्स साइटचा पासवर्ड बदलूनही तो परत आला. त्याच्याकडे तुमचा ई-मेल आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केलं की नवा पासवर्ड करण्याची लिंक मेलवर येते, ती त्याने उघडली आणि मग ते पत्र पुसून टाकलं. पैसे घेण्याच्या जितक्या साइट तुम्ही वापरता, त्या सगळ्यांची वाट तुमच्या मेलमधून जाते. त्यामुळे सफाई तिथूनच सुरू करायची, फ्रीलान्स साइटपासून नाही.

ही सफाई ज्या संगणकावर ती लिंक उघडली होती त्यावर करू नका. मिस्टरांचा किंवा घरातला दुसरा फोन किंवा लॅपटॉप घ्या. त्या लिंकवरून एखादी झिप फाइल उतरली होती आणि ती तुम्ही उघडली होती का, हेही आठवून बघा. कामाची माहिती म्हणून पाठवलेल्या झिपमध्ये .scr किंवा .exe असं शेपूट असलेली फाइल निघते, आणि ती उघडली तर संगणकातले सगळे साठवलेले पासवर्ड बाहेर जातात. तसं झालं असेल तर तो संगणक पूर्ण पुसून नव्याने बसवल्याशिवाय त्यावर कुठेही लॉगिन करू नका.

गूगल खात्यात गेल्यावर पहिल्यांदा पासवर्ड बदला. मग सुरक्षेच्या पानावर ‘तुमची डिव्हाइस’ ही यादी उघडा आणि हातातलं सोडून बाकी सगळी साइन आउट करा. पुष्कळजण इथेच थांबतात. इथेच थांबू नका, कारण चोर आत असताना मागची दारं करून ठेवतो. रिकव्हरीचा फोन नंबर आणि रिकव्हरीचा ई-मेल तुमचाच आहे ना, ते पाहा. टू-स्टेपच्या यादीत एखादा अनोळखी फोन, पासकी किंवा अ‍ॅप जोडलेलं नाही ना, ते पाहा. बॅकअप कोड नवे काढा, म्हणजे जुने आपोआप बाद होतात. ‘अ‍ॅप पासवर्ड’ आणि खात्याला जोडलेली बाहेरची अ‍ॅप, यांतलं जे ओळखीचं नाही ते काढून टाका. पासवर्ड बदलला तरी काही जोडलेल्या अ‍ॅपचा प्रवेश तसाच राहू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि आता सगळ्यात लबाड दार. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टरचा आणि फॉरवर्डिंगचा, असे दोन्ही टॅब उघडा. ‘withdrawal’, ‘security’ किंवा साइटचं नाव असलेलं प्रत्येक पत्र थेट कचऱ्यात टाकायचा नियम चोराने तिथे लावलेला असू शकतो. नाहीतर प्रत्येक पत्राची प्रत दुसऱ्या पत्त्यावर जात असते. तुम्हाला शुक्रवार ते सोमवार एकही सूचना दिसली नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. खात्री करायची तर जीमेलच्या शोधचौकटीत हे टाका आणि पुढे साइटचं नाव लिहा:

```
in:anywhere
```

याने स्पॅम आणि कचराही शोधला जातो. कचऱ्यातली पत्रं साधारण तीस दिवस राहतात, म्हणजे शुक्रवारपासूनचं बरंच काही सापडेल. पैसे काढल्याचं पत्र, पासवर्ड बदलल्याचं पत्र, नवं बँक खातं जोडल्याचं पत्र, यांतलं जे मिळेल ते जपून ठेवा. त्यांवरच्या वेळा तक्रारीत लागतात. शेवटी जीमेलच्या अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात ‘तपशील’ ही बारीक लिंक असते. तिथे अलीकडे कुठून आणि कधी खातं उघडलं गेलं ते दिसतं. सफाईनंतर दोन-तीन दिवस तिच्यावर नजर ठेवा.

मेल स्वच्छ झाला की मग फ्रीलान्स साइट आणि पैसे घेण्याची खाती घ्या. पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा, पैसे कुठे जाणार ते तपासा. सोमवारी हा क्रम उलटा झाला म्हणून तुमची मेहनत वाया गेली.

मिस्टरांचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, पण तो मी घेऊ नका असंच सांगेन. दर महिन्याला बदलायचा म्हटलं की माणूस शेवटचा आकडा बदलतो. जानेवारीला १, फेब्रुवारीला २. असा पासवर्ड चोराला एकदा कळला की पुढचाही कळतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच आपल्या मार्गदर्शनात लिहिलं, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. तुमच्या बाबतीत पुरावा आहे, तर आत्ता बदला. नंतर उगाच हात लावू नका.

महत्त्वाचं आहे ते वेगळेपण. प्रत्येक साइटचा पासवर्ड वेगळा आणि लांब हवा, आणि तो तुम्हाला पाठ नसला तर उत्तम. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. बिटवॉर्डन चालेल, नाहीतर तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये असलेलाही पुरे. तो वीस-पंचवीस अक्षरांचे पासवर्ड बनवतो आणि स्वतःच भरतो. पाठ करायचा फक्त एक, त्या मॅनेजरचा. तो असा करा: शब्दकोश डोळे मिटून उघडा, बोट पडेल तो शब्द घ्या, असं पाच-सहा वेळा करा आणि ते शब्द रोमन लिपीत ओळीने लिहा. `pakhadi-toran-visava-tagar-mulakhat` असं काहीतरी तयार होईल. अर्थात हाच घेऊ नका. अभंगाची ओळ, म्हण, मुलांची नावं, देवाचं नाव आणि जन्मसाल यांतलं काहीही नको. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम अशा माहितीच्या गोष्टींपासूनच सुरुवात करतात. शब्द निवडण्यात तुमचा हात नसावा, योगायोगाचा असावा. आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवायला माझी काही हरकत नाही. हजारो मैलांवरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

पासवर्ड मॅनेजरचा आणखी एक उपयोग आहे, आणि तुमच्या प्रसंगात तोच सर्वांत मोठा. तो साइटचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. शुक्रवारच्या त्या पानावर त्याने पासवर्ड आपणहून भरलाच नसता. नेहमी आपोआप भरणारी चौकट रिकामी राहिली, तर तिथे पासवर्ड हाताने टाइप करायचा नाही आणि मॅनेजर उघडून कॉपी करूनही टाकायचा नाही. थांबायचं आणि वरचा पत्ता वाचायचा. समजा तो असा आहे:

```
accounts.google.com.kyc-update.example/login
```

डोळा `accounts.google.com` वाचून समाधानी होतो. पण पत्ता मागून वाचायचा असतो. सुरुवातीला `https://` दिसत असेल तर ते सोडून पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. तिच्या लगेच आधी जे असेल, म्हणजे इथे `kyc-update.example`, ते त्या साइटचं खरं नाव. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, अगदी रिझर्व्ह बँकही. तुमच्या ब्राउझरच्या इतिहासात शुक्रवारचं ते पान अजून असेल. ते उघडू नका, फक्त त्याचा पत्ता असा वाचून बघा आणि तक्रारीत जोडा. बँकांच्या बाबतीत काम थोडं सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या नेट बँकिंगचे पत्ते `.bank.in` वर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, त्यामुळे आपल्या बँकेच्या पत्त्याचा शेवट तसाच आहे का हे आता पाहता येतं.

डोळ्यावर तरी किती भार टाकायचा? रात्री उशिरा डेडलाइनच्या धांदलीत कोणाचाही डोळा चुकतो, तुमचा चुकला त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. म्हणून गूगल खात्यावर आणि जिथे जिथे सोय आहे तिथे पासकी चालू करा. पासकी म्हणजे तुमच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये साठवलेली एक गुप्त चावी. ती बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीनलॉकने उघडते आणि ज्या साइटसाठी बनवली त्याच नावाच्या साइटला उत्तर देते. खोट्या पानाला तिच्याकडून काहीच मिळत नाही, आणि तुम्हाला टाइप करण्यासारखं काही नसल्यामुळे चुकूनही देता येत नाही. मधे बसणाऱ्या सर्व्हरचा डाव इथे संपतो.

तिची एक मर्यादा सांगते, कारण तिच्यामुळे लोक गाफील राहतात. पासकी लावली पण एसएमएसचा मार्ग तसाच ठेवला, तर खोटं पान ‘दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा’ असं म्हणून तुम्हाला तिकडे वळवतं. नेहमी पासकी मागणारं खातं अचानक कोड मागू लागलं, तर तोच इशारा समजा. जिथे पासकीची सोय नाही तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, आणि तेही नसेल तर एसएमएस. एसएमएसची जास्तीची कमजोरी अशी की तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं तर कोड तिकडे जातात. घरात शेजारच्या फोनला नेटवर्क आहे आणि तुमच्याच फोनवर बराच वेळ ‘सेवा नाही’ दिसतंय, तर दुसऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

फोन लोकलमध्ये चोरीला गेला तर काय, ही भीती मला बरेचजण बोलून दाखवतात, आणि मुंबईत ती रास्तच आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे दुसरी पासकी लॅपटॉपवर करून ठेवणं आणि गूगलचे दहा बॅकअप कोड छापून पासवर्डच्या त्याच कपाटात ठेवणं. कोडचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, फोनबरोबर तेही जातील.

भारतातल्या बँक खात्याला किंवा कार्डाला झळ लागली असेल तर बँकेला आजच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे, की ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा कोड दिल्याने नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी घ्या.

येत्या काही दिवसांत तुम्हाला फोन किंवा टेलिग्रामवर संदेश येऊ शकतात: “तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, प्रक्रियेची फी भरा.” एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्यामुळे हे संदेश नेमके तुमच्यासारख्यांना येतात. कधी ते सायबर पोलीस म्हणवतील, कधी साइटचे अधिकारी, कधी म्हणतील एफआयआरसीचं, म्हणजे परदेशातून पैसे आल्याच्या बँकेच्या दाखल्याचं, काम अडलंय म्हणून पैसे थांबलेत. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. यूपीआयचा पिनही पैसे देताना लागतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

आणि आजच्या आज तुमच्या जुन्या क्लायंटना कळवा. ज्याच्या हाती इतके दिवस तुमचा मेल होता, त्याने तुमची बिलं, तुमची लिहिण्याची पद्धत आणि कोणाकडून किती येणं बाकी आहे ते वाचलेलं आहे. “माझं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे पाठवा” असं तुमच्याच पत्त्यावरून त्याने आधीच लिहिलेलं असू शकतं. तुमच्या ६४० डॉलरपेक्षा ती रक्कम मोठी असेल. पाठवलेल्या पत्रांत आणि कचऱ्यात तसं काही दिसतंय का पाहा. ज्यांचं येणं बाकी आहे त्यांना मेलखेरीज दुसऱ्या मार्गाने, शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर, सांगा की माझं खातं तेच आहे, शुक्रवारनंतर माझ्या पत्त्यावरून आलेली बँकेची माहिती धरू नका, आणि पुढे कधी बदल कळवला तर माझ्याशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. ज्यांचे पैसे याच आठवड्यात यायचे आहेत त्यांना आधी फोन लावा.